परदेशस्थ आप्तांशी एकत्र बोलण्यासाठी वेळेचे कोष्टक : ते कसे करावे, कसे वाचावे



वडोदऱ्यातील आपल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांचे कोणीच परदेशी नाही असे घर आता शोधावे लागेल. मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीत, भाचा सिडनीला, अशी सर्वसाधारण स्थिती आहे. घरातील कार्य असो, वडिलोपार्जित घराचा प्रश्न असो किंवा वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेची व्यवस्था असो, सर्वांनी एका वेळी दूरध्वनीवर अथवा संगणकाच्या पडद्यावर एकत्र येणे आवश्यक ठरते. कार्यालयात पूजेची वेळ निश्चित करावयास येणारी मंडळी हमखास विचारतात, "तेव्हा तिकडे किती वाजलेले असतील?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हे टिपण येथे देत आहोत.

अशा कामासाठी जे कोष्टक वापरतात त्याची रचना अगदी सोपी असते. वरच्या ओळीत गावांची नावे, डावीकडे आपल्या घड्याळाचे तास, आणि प्रत्येक आडव्या ओळीत त्याच क्षणी इतर गावी असणारी वेळ. एक आडवी ओळ म्हणजे एकच क्षण, हे लक्षात ठेवले म्हणजे कोष्टक वाचता आले. संगणकावर timeanddate.com या स्थळावर `World Clock Meeting Planner` नावाने असे तयार कोष्टक मिळते. त्यात सोयीचे तास हिरव्या, अडचणीचे पिवळ्या आणि झोपेचे तांबड्या रंगात दाखवलेले असतात. ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांनी ते जरूर वापरावे. मात्र त्यात आधी तारीख भरावी लागते. ती का, हे ज्यास कळले नाही त्याच्या हाती अचूक कोष्टक असूनही चूक होते. आमच्या मते या विषयातील खरी मेख तीच आहे.

प्रथम आपल्या अर्ध्या तासाविषयी. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरली आहे. साडेब्याऐंशीला पंधराने भागले की साडेपाच येतात, म्हणून आपण ग्रिनिचच्या वेळेपुढे साडेपाच तास आहोत. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबईकरांनी मात्र आपली निराळी मुंबई वेळ, जी प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती, ती १९५५ पर्यंत सोडली नाही. जुन्या मंडळींपैकी काहींना तो घोळ आठवत असेल. या अर्ध्या तासामुळे कोष्टक करताना एक युक्ती उपयोगी पडते : डावीकडे आपले तास पूर्ण न लिहिता साडेपाच, साडेसहा, साडेसात असे लिहावेत, म्हणजे लंडन, अमेरिका व सिडनी येथील रकान्यांत पूर्ण तास येतात आणि डोक्यात आकडेमोड करणाऱ्यास सोपे जाते.

आता मुख्य मुद्दा. आपली घड्याळे वर्षभर स्थिर असतात. दुबई आपल्यामागे दीड तास आणि सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास, हा हिशोबही बारा महिने तोच राहतो. परंतु ब्रिटन, अमेरिकेतील बहुतेक राज्ये आणि ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग येथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात व हिवाळ्यात पुन्हा मागे घेतात. संध्याकाळचा उजेड अधिक वेळ वापरता यावा, हा त्यामागील हेतू. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, घड्याळे एक तास पुढे केलेली होती. युद्ध संपताच ती प्रथा बंद झाली, त्यामुळे आपल्या अंगवळणी ती पडली नाही.

सर्व देशांनी एकाच दिवशी घड्याळे बदलली असती तरी निभावले असते. तसे होत नाही. ब्रिटन व युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. सिडनी व मेलबर्न येथे ऋतू उलटे, म्हणून तेथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. परिणामी वर्षाचे सहा ठिकाणी तुकडे पडतात. २०२६ सालासाठी वडोदऱ्यापासूनचे अंतर असे पडते :

| कालावधी (२०२६) | लंडन आपल्यामागे | न्यू जर्सी आपल्यामागे | सिडनी आपल्यापुढे |
|---|---|---|---|
| १ जानेवारी ते ७ मार्च | ५॥ तास | १०॥ तास | ५॥ तास |
| ८ ते २८ मार्च | ५॥ | ९॥ | ५॥ |
| २९ मार्च ते ४ एप्रिल | ४॥ | ९॥ | ५॥ |
| ५ एप्रिल ते ३ ऑक्टोबर | ४॥ | ९॥ | ४॥ |
| ४ ते २४ ऑक्टोबर | ४॥ | ९॥ | ५॥ |
| २५ ते ३१ ऑक्टोबर | ५॥ | ९॥ | ५॥ |
| १ नोव्हेंबरपासून वर्षअखेर | ५॥ | १०॥ | ५॥ |

कॅलिफोर्नियाचा रकाना मुद्दाम दिलेला नाही. न्यू जर्सीच्या अंतरात आणखी तीन तास मिळवले की कॅलिफोर्निया येते. इतर वर्षी तारखा बदलतील, रविवारांचा नियम तोच राहील.

या कोष्टकातील दुसरी ओळ, म्हणजे मार्चचे तीन आठवडे, सर्वांत दगा देते. वर्षाचा बहुतेक काळ लंडन व न्यू जर्सी यांत पाच तासांचे अंतर असते. या तीन आठवड्यांत ते चार तास होते, कारण अमेरिकेने घड्याळ पुढे केलेले असते आणि ब्रिटनने अद्याप केलेले नसते. ऑक्टोबरच्या अखेरीसही एक आठवडा तसाच. हे तीन आठवडे पूर्वी नव्हते. अमेरिकेत २००६ पर्यंत घड्याळे एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे होत, म्हणजे वसंतात फार तर एका आठवड्याची तफावत राही, आणि शरद ऋतूत दोन्ही देश एकाच रविवारी मागे येत. २००५ साली तेथे झालेल्या कायद्याने २००७ पासून उन्हाळी वेळेचा काळ दोन्ही बाजूंनी वाढवला. त्यापूर्वी परदेशी गेलेल्या मंडळींच्या तोंडी "आमच्यात नि त्यांच्यात पाच तास" हे वाक्य पक्के बसलेले आहे, आणि तेच मार्चमध्ये खोटे ठरते.

याची किंमत काय पडू शकते ते एका कुटुंबाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. कुटुंबाच्या संमतीने हे देत आहोत. नावे अर्थातच देत नाही. ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री धाकट्या चिरंजीवांसह येथे वडोदऱ्यात राहतात. थोरले चिरंजीव न्यू जर्सीत, कन्या लंडनला व मधले चिरंजीव कॅलिफोर्नियात. जुने दुमजली घर भाड्याने द्यावे की मातोश्रींच्या हयातीत बंद ठेवावे, हा प्रश्न होता. हिवाळ्यात दर महिन्याच्या एका रविवारी आपल्या सायंकाळी साडेसातला ही मंडळी बोलत. तेव्हा लंडनला दुपारचे दोन आणि न्यू जर्सीत सकाळचे नऊ होत. मार्च २०२५ मधील बैठक १६ तारखेस ठरली. थोरल्या बंधूंनी सर्वांस कळवले, "नेहमीप्रमाणे माझ्या सकाळी नऊला." अमेरिकेतील घड्याळे ९ मार्च रोजीच पुढे गेली होती. त्यांचे नऊ म्हणजे आता आपले साडेसहा आणि लंडनची दुपारची एक. वडोदऱ्यातील चिरंजीवांनी दूरध्वनी संचातील दिनदर्शिकेवरून साडेसहाच धरले. कन्येने मात्र नवांत पाच मिळवून दोन धरले व त्याप्रमाणे ती दोन वाजता हजर झाली. तोपर्यंत घर भाड्याने देण्याचे ठरून बैठक संपली होती. घर बंद ठेवावे असे आग्रहाने म्हणणारी तीच एकटी होती. आपल्याला मुद्दाम वगळले असा तिचा समज झाला, आणि तो दूर व्हायला पुढे कित्येक महिने लागले.

यात कोणी कोणास फसवले नव्हते. निरोपात "नेहमीप्रमाणे" हा शब्द होता आणि कोणत्या गावाचे घड्याळ प्रमाण धरायचे हे ठरलेले नव्हते, एवढेच. म्हणून वारंवार होणाऱ्या बैठकीसाठी आमची पहिली सूचना अशी की एक गाव प्रमाण धरावे आणि शक्य तर ते वडोदरेच असावे. आमचा हा आग्रह केवळ गावाच्या अभिमानापोटी नाही. येथील घड्याळ हलत नाही, आणि सर्वांत वृद्ध व्यक्ती येथे आहे. प्रमाण घड्याळ न्यू जर्सीचे धरले तर मातोश्रींची वेळ वर्षातून दोनदा सरकते. वडोदऱ्याचे धरले तर सरकणारी वेळ मुलांच्या वाट्यास येते, आणि त्यांच्या अंगात ते सोसण्याची ताकद आहे. संगणकाच्या दिनदर्शिकेत बैठक नोंदताना वेळेच्या शेजारी कालविभाग विचारला जातो. तेथे आपला विभाग `Asia/Kolkata` असा दिसतो. तो निवडावा. नुसते `IST` असे लिहून धाडू नये, कारण आयर्लंड व इस्रायल येथील वेळांनाही हीच तीन अक्षरे वापरली जातात. अमेरिकेतील मंडळी उन्हाळ्यातही सवयीने `EST` लिहितात, वास्तविक ती त्यांची हिवाळी वेळ होय. अक्षरांपेक्षा गावाचे नाव लिहिणे केव्हाही बरे.

पुढच्या वर्षी या कुटुंबातील नात शिक्षणासाठी सिडनीस गेली आणि पाचवे गाव वाढले. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्च रोजी, म्हणजे नेमका त्या तीन आठवड्यांत येतो. त्यानंतरच्या रविवारी, २२ मार्च रोजी, सर्वांनी एकत्र यावे अशी मातोश्रींची इच्छा. त्या दिवसासाठी केलेले कोष्टक असे. सर्व ओळी देण्याऐवजी विचारात घेण्याजोग्या तेवढ्या देत आहोत.

| वडोदरे (रवि. २२) | लंडन | न्यू जर्सी | कॅलिफोर्निया | सिडनी |
|---|---|---|---|---|
| पहाटे ५॥ | मध्यरात्र १२ | शनि. रात्री ८ | शनि. सायं. ५ | रवि. सकाळी ११ |
| सकाळी ७॥ | रवि. रात्री २ | शनि. रात्री १० | शनि. सायं. ७ | रवि. दुपारी १ |
| दुपारी १२॥ | रवि. सकाळी ७ | रवि. रात्री ३ | मध्यरात्र १२ | रवि. सायं. ६ |
| सायं. ६॥ | रवि. दुपारी १ | रवि. सकाळी ९ | रवि. सकाळी ६ | मध्यरात्र १२ |
| रात्री ८॥ | रवि. दुपारी ३ | रवि. सकाळी ११ | रवि. सकाळी ८ | सोम. रात्री २ |

प्रथमदर्शनी सायंकाळची वेळ बरी वाटते, आणि बहुतेक कुटुंबे तीच निवडतात. पण तिच्यात दोघांची झोप मोडते : कॅलिफोर्नियात पहाटे उठावे लागते आणि सिडनीत मध्यरात्रीपर्यंत जागावे लागते. पाचही गावी सर्वांना सोयीचा असा एकही तास या दिवशी नाही, हे कोष्टक स्पष्ट सांगते. तो शोधत बसण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी कोणाची गैरसोय कमीत कमी आहे ते पाहावे, आणि त्यासाठी माणसांच्या सवयी ठाऊक असाव्या लागतात. पडद्यावरील तयार कोष्टकाने पहाटेचे साडेपाच आपल्या बाजूस हिरवे दाखवले नसते. परंतु मातोश्री आयुष्यभर पहाटे साडेचारला उठत आल्या आहेत. त्यांच्यासाठी साडेपाच ही स्नान आटोपून निवांत बसण्याची वेळ. तेव्हा न्यू जर्सीत शनिवारची रात्र आठ, कॅलिफोर्नियात सायंकाळ पाच, सिडनीत रविवार सकाळ अकरा. जागावे लागते ते एकट्या लंडनच्या कन्येस, आणि तेही दुसऱ्या दिवशी सुटी असताना.

येथे दुसरी अडचण लपलेली आहे, ती तारखेची व वाराची. "रविवारी पहाटे" असा निरोप गेला तर अमेरिकेतील दोघे रविवारीच येतील, म्हणजे बैठक होऊन गेल्यावर. त्यांच्या दृष्टीने ती बैठक शनिवारी आहे. शिवाय लंडनचे "रात्री बारा" म्हणजे कोणत्या वाराचे? इंग्रजी पद्धतीने मध्यरात्री वार बदलतो. आपल्या परंपरेत मात्र वार सूर्योदयास बदलतो, म्हणून जुन्या पिढीच्या तोंडी "शनिवारी रात्री एक वाजता" असे सहज येते, जेव्हा घड्याळाच्या हिशोबाने रविवार लागलेला असतो. आजी व नात यांच्यात यावरून गैरसमज होणे अगदी स्वाभाविक आहे. त्यामुळे बारा हा आकडा निरोपात वापरूच नये. या कुटुंबास आम्ही पाव तास अलीकडे येण्याचे सुचवले. आपल्या पहाटे सव्वापाचला लंडनमध्ये शनिवार २१ मार्च, रात्रीचे पावणेबारा असतात. मग लंडन, न्यू जर्सी व कॅलिफोर्निया या तिन्ही गावी निःसंशय शनिवार, आणि वडोदरे व सिडनी येथे निःसंशय रविवार.

निरोपही प्रत्येकास त्याच्या गावच्या वेळेने, वार व तारीख लिहून निरनिराळा धाडावा. लंडनला "शनिवार २१ मार्च, तुमच्याकडे रात्री ११.४५, वडोदऱ्यात रविवार पहाटे ५.१५" असा. न्यू जर्सीला रात्री ७.४५, कॅलिफोर्नियास सायंकाळी ४.४५ आणि सिडनीस रविवार सकाळी १०.४५. दोन गावांच्या वेळा एकत्र लिहिल्या म्हणजे वाचणाऱ्यास स्वतः पडताळा घेता येतो. त्याचा हिशोब जुळला नाही तर तो आधीच विचारतो. उत्तरादाखल प्रत्येकाने "माझ्याकडे अमुक वार, अमुक वाजता" असे आपल्या शब्दांत उलट कळवावे. नुसत्या "ठीक आहे" या उत्तरावर विसंबू नये.

जे आपले कोष्टक संगणकावरील तक्त्यात स्वतः करतात त्यांच्यासाठी एक खुलासा. कप्प्यात नुसती वेळ लिहून तीतून साडेनऊ तास वजा केले तर उत्तर शून्याखाली जाऊन कप्पा चौकटीच्या खुणांनी भरतो. म्हणून पहिल्या कप्प्यात तारीख व वेळ दोन्ही लिहावे, आणि न्यू जर्सीच्या कप्प्यात हे सूत्र घालावे :

```
=A2-9.5/24
```

तक्ता दिवस हे एकक धरून चालतो, म्हणून तासांना चोविसाने भागले आहे. उत्तराच्या कप्प्यास तारीख व वेळ दाखवण्याचा नमुना दिला की वार आपोआप मागे जातो. ९.५ हा आकडा मात्र वरच्या कोष्टकातील कालावधी पाहून भरावयाचा आहे. हे सूत्र ऋतू ओळखत नाही. तयार संकेतस्थळे तारखेवरून तो ओळखतात, म्हणूनच ती आधी तारीख विचारतात.

आता याच कुटुंबाची पुढील बैठक रविवार ३ मे २०२६ रोजी घ्यावयाची झाल्यास काय होईल ते पाहू. पहाटे सव्वापाचच ठेवले तर लंडनला घड्याळ पुढे गेल्यामुळे रात्रीचा पाऊण होतो, म्हणजे कन्येची गैरसोय वाढते. उलट सायंकाळची साडेसहा ही वेळ, जी मार्चमध्ये आम्ही बाजूस ठेवली, ती आता सुधारलेली दिसते : लंडन दुपारी दोन, न्यू जर्सी सकाळी नऊ, कॅलिफोर्निया सकाळी सहा आणि सिडनी रात्री अकरा. पाचही गावी रविवार, ३ मे. वाराचा प्रश्नच उरत नाही. मातोश्रींना नंतर दिवेलागणीस देवळात येण्यासही सवड मिळते.

असे का झाले, ते समजून घेण्याजोगे आहे. सिडनी व कॅलिफोर्निया यांची घड्याळे परस्परविरुद्ध दिशांनी हलतात. जानेवारीत सिडनी कॅलिफोर्नियाच्या एकोणीस तास पुढे असते. मार्चमध्ये कॅलिफोर्निया पुढे सरकले की अठरा, आणि एप्रिलमध्ये सिडनी मागे आले की सतरा. म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळचे सहा वाजले असता सिडनीत जानेवारीत उत्तररात्रीचा एक, मार्चमध्ये मध्यरात्र आणि मे महिन्यात रात्रीचे अकरा. यावरून आमचा निष्कर्ष असा की ज्यांचे आप्त या दोन्ही टोकांना आहेत त्यांनी एप्रिल ते सप्टेंबर आपली सायंकाळ धरावी, आणि नोव्हेंबर ते मार्चच्या प्रारंभापर्यंत आपली पहाट. वर्षभर एकच वेळ ठेवण्याचा अट्टहास केल्यास वर्षातील काही महिने कोणाची तरी झोप हमखास मोडते. मोडायचीच असेल तर पाळीपाळीने मोडावी. या कुटुंबाने तसे ठरवून घेतले, आणि लंडनच्या कन्येची पाळी पहिली लागली तेव्हा ती स्वतः हसून म्हणाली, "या वेळी निदान माझ्यासाठी थांबाल!"

पाडव्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगावेसे वाटते. आपला सण चांद्र तिथीने येतो आणि त्यांची घड्याळे रविवारच्या नियमाने बदलतात. या दोहोंची जुळणी दरवर्षी निराळी होते. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला, म्हणजे सर्वत्र बदल होऊन गेल्यावर आला. २०२५ मध्ये तो ३० मार्चला, नेमका लंडनची घड्याळे बदलण्याच्या रविवारी आला. युरोपातील बदल ग्रिनिचच्या वेळेने पहाटे एक वाजता सर्वत्र एकदम होतो, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा असतात. म्हणजे वडोदऱ्यात सूर्योदयाच्या सुमारास गुढी उभारली जात असतानाच तिकडे घड्याळ एकावरून थेट दोनावर गेले. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला. गेल्या वर्षीच्या पाडव्याची वेळ पाहून यंदाची ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दिवाळी बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वा नोव्हेंबरच्या पूर्वार्धात येते, तेथेही तीच काळजी लागते. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व बदल पार पडल्यावर येते, त्यामुळे त्या वर्षी प्रश्न सुटसुटीत आहे.

मुहूर्ताविषयीही विचारणा होते. येथे होणाऱ्या कार्याचा मुहूर्त येथील सूर्योदयावरून व पंचांगावरून काढलेला असतो. परदेशी बसून ते कार्य पाहणाऱ्याने त्याच क्षणी आपल्या घड्याळात किती वाजले असतील तेवढे कोष्टकावरून पाहावे. परंतु जो आपल्या घरी तेथे स्वतः पूजा करणार असेल, त्यास हे कोष्टक उपयोगी नाही. त्याने तेथील सूर्योदयाचे पंचांग पाहावे. येथील तास-मिनिटांना अंतर लावून मुहूर्त काढू नये.

शेवटी गावांच्या नावांबद्दल. "अमेरिकेत" किंवा "ऑस्ट्रेलियात" एवढ्यावर वेळ काढता येत नाही. ब्रिस्बेन हे सिडनीच्याच किनाऱ्यावर असले तरी तेथे घड्याळे बदलत नाहीत. ते आपल्यापुढे बारा महिने साडेचार तास असते. पर्थ वर्षभर अडीच तास पुढे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातही, काही आदिवासी भूभाग वगळता, घड्याळ हलत नाही, म्हणून फिनिक्समधील आप्त आपल्यामागे सदैव साडेबारा तास असतो. हिवाळ्यात कॅलिफोर्नियाहून तो एक तास पुढे, उन्हाळ्यात त्याच्याबरोबर. युरोपात ही घड्याळे हलवण्याची प्रथा बंद करावी असा कौल तेथील संसदेने २०१९ मध्ये दिला, पण त्याची अंमलबजावणी झालेली नाही. अमेरिकेतही सिनेटने २०२२ मध्ये तशा अर्थाचे विधेयक संमत केले, दुसऱ्या सभागृहात ते पुढे गेले नाही. असे नियम अधूनमधून बदलू शकतात. म्हणून मार्च, एप्रिल, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात बैठक असेल तर आदल्या आठवड्यात तिकडच्या माणसालाच दूरध्वनी करून "आत्ता तुमच्याकडे किती वाजले?" एवढे विचारून घ्यावे, आणि आपल्या घड्याळाशी ताडून तो फरक कोष्टकाशी जुळतो की नाही ते पाहावे. त्या दोन तारखांच्या मध्ये एखादा बदलाचा रविवार येत असेल तर त्याचा एक तास लक्षात घेण्यास विसरू नये.